रुजू होण्याच्या मेलमध्ये रिलीव्हिंग लेटर सक्तीचं लिहावं का?

खराडी_एचआर: सोमवारी आमच्या ऑफिसात एक मुलगा रुजू होतोय. मी मेल लिहिला: "सकाळी 9 ला या, सगळी मूळ कागदपत्रं आणा, कपडे फॉर्मल." साहेब म्हणतात, पुरे आहे. मला तो अपुरा वाटतो. शिवाय जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर त्याला अजून मिळालेलं नाही. ते पहिल्या दिवशी सक्तीचं करावं का?

पेरोलचे_काका: करू नका. लॅपटॉप परत गेला, नो ड्यूज झालं, हिशोब झाला की मगच बहुतेक कंपन्या ते पत्र देतात. त्याला कधीकधी महिना लागतो आणि तोवर पोराच्या हातात काहीच नसतं. त्याऐवजी राजीनामा मंजूर झाल्याचा मेल मागा, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख असते. सोबत शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घ्या. पत्र केव्हापर्यंत द्यायचं, ती तारीख मेलमध्येच लिहा.

मेलमध्ये कागदांचे दोन भाग करा. पहिल्या दिवशी पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान, आणि यूएएन. पगार चालू व्हायला एवढं लागतंच. पदवीची प्रमाणपत्रं, पत्र, आणि या वर्षी जुन्या कंपनीने दिलेला पगार व कापलेला टीडीएस यांचा तपशील पहिल्या पगाराआधी आला तरी चालतो. आणि "मूळ प्रती फक्त पाहून लगेच परत देऊ" हे वाक्य नक्की टाका. प्रमाणपत्रं अडकून पडतील म्हणून मुलं घाबरतात.

ऑडिटवाली: काका, इथे मला पटत नाही. आमचा क्लायंट पार्श्वभूमी तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कुणाला सिस्टीमवर बसवू देत नाही. मंजुरीचा मेल आला आणि नंतर त्याच कंपनीने नोटीस पीरियड वाढवला, असं आमच्याकडे झालंय. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या आणि ऑडिटमध्ये आम्हाला उत्तर द्यावं लागलं. पत्र हातात नसेल तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकला.

पेरोलचे_काका: ताई, तारखांची भीती खरी आहे. पण ती पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत दिसते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली की ती तिथे येते. म्हणून तर यूएएन पहिल्या दिवशी मागतो.

नवा_इंजिनिअर: पण मूळ पगार 15,000 च्या वर असेल तर पीएफ लागतच नाही ना? मग यूएएन कशाला?

पेरोलचे_काका: जो आधी कधीच पीएफचा सदस्य नव्हता त्याच्यापुरतं बरोबर. ज्याचा पीएफ आधीच चालू आहे त्याला ती सूट नाही. त्याचा जुना 12 आकडी नंबर न विचारता नवा काढला, तर सेवा दोन नंबरांत विभागली जाते आणि पैसे काढताना तो बिचारा खेटे घालत बसतो. "तुमचा पीएफ आधी होता का" हा प्रश्न मेलमध्येच असू द्या.

चाकणकर: आमच्या प्लांटमध्ये पेच कपड्यांचाच होतो. एका मुलीला नुसतं "फॉर्मल" कळवलं होतं. ती सँडल घालून, ओढणी घेऊन आली आणि शॉपफ्लोअरच्या दारातच थांबवावी लागली. आता आम्ही लिहितो: बंद बूट, सैल ओढणी किंवा दुपट्टा नको, लांब केस बांधलेले. सेफ्टी शूज कंपनी देते, म्हणून बुटाचा नंबर आधी कळवायला सांगतो.

खराडी_एचआर: आमच्याकडे शॉपफ्लोअर नाही, पण मुद्दा कळला. "कॉलरचा शर्ट किंवा कुर्ता, पूर्ण लांबीची पँट, जीन्स फक्त शुक्रवारी" असं लिहिते. वेळेचं मात्र अडतं. ऑफिस 9 ला उघडतं, पण मी पोचते साडेनऊला.

पेरोलचे_काका: मग त्याला 9:45 सांगा. 9 ला आलेला मुलगा पाऊण तास गेटवर उभा राहतो, कारण पास बनवायला सिक्युरिटीकडे त्याचं नाव नसतं. आदल्या दिवशी गेटवर नाव द्या. मेलमध्ये गेट कोणतं, फोटो ओळखपत्र लागेल, आणि फोन कुणाला करायचा ते लिहा. नंबर दोन द्या, दुसरा त्याच्या टीमच्या कुणाचा तरी. तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर त्याचा फोन कोण उचलणार?

ऑडिटवाली: गेट, वेळ, कपडे, सगळं मान्य. पत्राबद्दल माझं मत तेच आहे. सर्व्हिस हिस्ट्रीत सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने भरायची असते. तिने दीड महिना भरलीच नाही, तर तोवर तुम्ही कशावर विसंबणार?

पेरोलचे_काका: तोवर मंजुरीच्या मेलवरच. दोन महिने उलटले की सदस्य स्वतः ती तारीख भरू शकतो. पण तुमच्या क्लायंटला तेवढी वाट चालणार नाही, हे मान्य.

खराडी_एचआर: आमच्या क्लायंटची तशी अट आहे का, हे आजच साहेबांना विचारते. नसेल तर मंजुरीचा मेल आणि पत्रासाठी 45 दिवस, असं लिहून पाठवते.