विषय: आईचं माहेरचं आडनाव आणि भावाचं ईमेल खातं

नीलिमा:
नमस्कार मंडळी. भावाचं जुनं ईमेल खातं कुणीतरी उघडलं. पासवर्ड फोडावाच लागला नाही. 'पासवर्ड विसरलो' दाबल्यावर प्रश्न आला, आईचं माहेरचं आडनाव काय? दिलेलं उत्तर बरोबर निघालं. ते मिळालं कुठून हे शोधताना आम्हीच खजील झालो. त्याचं लग्न जमवताना आईने बायोडाटा सोलापूरभर व्हॉट्सॲपवर फिरवला होता. त्यात जन्मतारीख, शाळा आणि तळाशी तिन्ही मामांची नावं, गाव अक्कलकोट. मामाचं आडनाव तेच आईचं माहेरचं!

श्रीकांतकाका:
सोपं आहे गं. खोटं उत्तर द्यायचं. 'आवडता पदार्थ' विचारलं तर मी 'पिझ्झा' लिहिलंय. सोलापूरचा माणूस शेंगाचटणी सोडून पिझ्झा लिहील असं कुणाच्या मनातही येणार नाही.

अमोल:
काका, नेमका पिझ्झाच! गूगलने 2015 मध्ये अशी उत्तरं तपासली, तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्यांचा आवडता पदार्थ पहिल्याच प्रयत्नात ओळखू येण्याची शक्यता 19.7 टक्के निघाली, आणि ते उत्तर पिझ्झा होतं. खोटं लिहिणारेही बरेचदा एकसारखंच खोटं लिहितात. शिवाय पाच वर्षांनी ते आपल्याला आठवायला हवं ना?
प्रश्न टाळताच येत नसेल तर उत्तराला दुसरा पासवर्ड समजा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. नुसती वेडीवाकडी अक्षरं मात्र नकोत. चोर फोन करून "काहीतरी अगडबगड टाकलं होतं हो" म्हणतो आणि समोरचा कर्मचारी कधी कधी मान्यही करतो.

वैशाली:
म्हणजे ओटीपीच बरा ना? माझं भारतातलं सिम मात्र रिचार्ज न केल्याने बंद पडलं आणि नंबर दुसऱ्याच कुणाला गेला. आता माझे ओटीपी त्याला जातात.

अमोल:
वैशाली, तो नंबर आजच सगळ्या खात्यांतून काढ. तिकडे 90 दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. इथला चालू नंबर दे, आणि रिकव्हरीसाठी दुसरा ईमेल पत्ताही जोड. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर गूगल 10 बॅकअप कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो, नवा संच काढला की जुना रद्द. फोन हरवला तर हे कामी येतात. पासवर्डच विसरलात तर नुसत्या कोडवर भागत नाही, म्हणून तो दुसरा ईमेल.

नीलिमा:
आईच्या खात्याचे कोड काल फोनवर सांगून छापून घेतले. तिने कागद कपाटात ठेवला, बायोडाट्याच्याच फायलीत. दुसरा ईमेल म्हणून माझा पत्ता देणार होते, तर भाऊ म्हणतो, "मग उद्या तूच तिचा पासवर्ड बदलून मेल वाचशील." खोटं नाही ते. कुणाचा पत्ता द्यावा?