मदत हवी आहे: क्लिप माइकचा रिसीव्हर लॅपटॉपला लावला की आवाज मधेमधे तुटतो (लालबाग, चाळीतली खोली)

गॅलरीतली_तुळस
माझे चुलत आजोबा, नाना, गिरणीत साच्याखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करतेय. दोन क्लिप माइकचा २.४ गिगाहर्ट्झवाला सेट घेतलाय, एक नानांच्या सदऱ्याला, एक मला, रिसीव्हर यूएसबी सीने लॅपटॉपला. दोन्ही माइक आपोआप जोडले जातात, लाइट हिरवा स्थिर असतो, पण रेकॉर्डिंग ऐकलं की मधेच अर्धा सेकंद आवाज गायब होतो आणि परत येतो. खरखर नाही, सरळ भोकच पडतं. नाना त्यांच्या जॉबरचं नाव सांगत होते आणि नेमकं नावच गेलं, परत विचारलं तर तसं सांगत नाहीत हो. रिसीव्हरवर चॅनल बदलायचं बटण कुठेच नाहीये, मग चॅनल कसे लावायचे? नाना ८१ वर्षांचे आहेत, मला हे वाया घालवायचं नाहीये.

दारचा_चाफा
लॅपटॉपच्या ब्लूटूथमध्ये माइक अ‍ॅड केलाय का? माझा इअरफोन असाच तुटायचा, रिमूव्ह करून परत पेअर केल्यावर ठीक झाला.

गॅलरीतली_तुळस
नाही, हा ब्लूटूथवर नाहीच, रिसीव्हर लॅपटॉपला साधा यूएसबी माइक म्हणून दिसतो. इनपुट म्हणून तोच निवडलाय, क्लिप माइकवर नख घासून बघितलं, आवाज तिथूनच येतोय.

राऊटरवाला_परळ
वायफाय आहे हे. चाळीत प्रत्येकाच्या घरी राऊटर, सगळे २.४ वरच. तुमच्या राऊटरचा चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो ठेवा आणि माइक दुसऱ्यावर ठेवा.

फेडर_खाली
माइक दुसऱ्यावर ठेवायची सोयच नसते या सेटला. बटण नाही म्हणजे तो स्वतःच २.४ च्या पट्ट्यात जागा बदलत राहतो, पेअरिंग म्हणजे फक्त रिसीव्हरला हे दोन माइक आपले एवढं शिकवणं. हिरवा लाइट स्थिर म्हणजे ते झालंय, त्याला हात लावू नका. राऊटरचं म्हणणं चूक नाही पण आधी एक सांगा ताई, लॅपटॉपला अजून काय काय लावलेलं असतं? आणि रिसीव्हरपासून किती लांब?

गॅलरीतली_तुळस
बाहेरची एसएसडी, त्याच्यावरच थेट रेकॉर्ड करते. निळ्या पोर्टला लावते, रिसीव्हर त्याच्या बाजूच्याच पोर्टला, चार बोटांचं अंतर असेल.

फेडर_खाली
मग पहिला संशय तिच्यावरच. यूएसबी ३ च्या केबलमधून आणि कनेक्टरमधून डेटा चालू असताना जो रेडिओ कचरा बाहेर पडतो तो नेमका २.४ च्या पट्ट्यातही पसरतो, इंटेलनेच २०१२ मध्ये यावर कागद काढला होता. माइकचा सिग्नल नानांच्या सदऱ्यापासून येईपर्यंत बारीक झालेला असतो आणि हा गोंगाट अगदी कानाशी. रिसीव्हरला पलीकडचं ऐकूच येत नाही. डिजिटल असल्यामुळे खरखर होत नाही, तुकडाच गळतो, म्हणून नंतर नॉइज रिडक्शन लावून उपयोग नाही, जे आलंच नाही ते साफ काय करणार.

अंदाजाने काही बदलू नका, मोजा. माइक लावून बसल्या जागेवरून एक ते साठ आकडे मोठ्याने म्हणा, मग ऐकून किती आकडे तुटलेत ते लिहून ठेवा. एकदा एसएसडी आहे तिथे, एकदा काढून, एकदा एसएसडी लावून पण रिसीव्हर मीटरभर यूएसबी एक्स्टेंशनवर लांब. एका वेळी एकच गोष्ट बदला.

टाळकरी
आमच्या भजनी मंडळाला हाच त्रास आहे, दोन हातातले माइक आहेत यूएचएफचे, एक चालू केला की दुसरा घरघरतो. आम्ही पण एसएसडी काढायची का?

फेडर_खाली
बुवा, तुमचं वेगळं आहे. तुमच्या सेटला फ्रिक्वेन्सी हाताने लावायची असते, दोन्ही माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर किंवा फार जवळ बसलेत बहुतेक. दोन्ही रिसीव्हरच्या डिस्प्लेवरचा आकडा इथे टाका, वेगळा धागा काढलात तर बरं.

गॅलरीतली_तुळस
केलं काल संध्याकाळी. एसएसडी बाजूला असताना ७ आकडे तुटले. काढल्यावर १. एसएसडी लावून रिसीव्हर एक्स्टेंशनवर, तेव्हाही १. म्हणजे तुमचं बरोबर होतं!!

पण अजून एक झालं, नाना भोंगा कुठून ऐकू यायचा ते दाखवायला उठून खिडकीकडे गेले, आमच्याकडे पाठ करून बोलत होते, आणि परत तुटायला लागलं. खोली दहा बाय बाराची आहे हो, लांब म्हणावं तर ते पण नाही.

फेडर_खाली
अंतराचा नाही, अंगाचा प्रश्न. माइक छातीवर, नानांची पाठ रिसीव्हरकडे, म्हणजे मधे अख्खा माणूस. अंगात पाणी, ते २.४ चा सिग्नल पितं. रिसीव्हर टेबलावर ठेवू नका, एक्स्टेंशन आहेच तर खिडकीच्या बाजूला उंचावर टांगा, म्हणजे ते खुर्चीत असोत की खिडकीत, त्यांची छाती दिसली पाहिजे. फळीवर स्टीलची भांडी असतील तर तिथे नको, लाकडी खुंटीला अडकवा.

आणि एसएसडी रेकॉर्डिंगच्या वेळी लावताच कशाला? दोन चॅनल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, तासाला साधारण १ जीबी होतं, लॅपटॉपच्या डिस्कवर घ्या, नाना जेवायला बसले की मग एसएसडी लावून कॉपी करा.

राऊटरवाला_परळ
मग वायफायचा काही संबंधच नाही म्हणता? तो उरलेला एक आकडा कुठे गेला?

फेडर_खाली
संबंध आहे, मी नाही म्हटलंच नाही. ताई, विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका:

```
netsh wlan show interfaces
```

Channel पुढे १ ते १३ मधला आकडा दिसला तर तुमचा लॅपटॉपच २.४ वर बोलतोय, आणि तो रिसीव्हरच्या सगळ्यात जवळ आहे. ३६ किंवा पुढचा असेल तर त्याची काळजी नाही.

गॅलरीतली_तुळस
६ आला. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद केलं, रिसीव्हर खुंटीला, डिस्क आतली. दुपारी तीनला साठच्या साठ आकडे आले, खिडकीत पाठ करूनसुद्धा. रात्री नऊला परत केलं तर २ तुटले.

राऊटरवाला_परळ
बघा, रात्री सगळे घरी येतात, सगळ्यांचे फोन वायफायवर. शेजाऱ्यांना ५ गिगाहर्ट्झवर जायला सांगा.

फेडर_खाली
असू शकतं, पण दोन आकड्यांवरून मी छातीठोक सांगणार नाही. दोन-तीन रात्री मोजा. शेजाऱ्यांचे राऊटर तुमच्या हातात नाहीत, रेकॉर्डिंगची वेळ आहे. तोवर नानांच्या खिशात एक फोन एअरप्लेन मोडवर टाकून त्याच्या रेकॉर्डरवरही घेत जा, हवेतून जे गळेल ते त्यातून उचलता येईल. सुरुवातीला एक टाळी वाजवा, दोन्ही फाइली जुळवायला.

गॅलरीतली_तुळस
आज दुपारी घेतलं, दीड तास, एकदाही तुटलं नाही. धोटा कसा सुटायचा त्याचा आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला, तो स्वच्छ आलाय. जॉबरचं नाव मात्र अजून नाही सांगितलं. रात्रीचं मोजून इथे टाकते.

टाळकरी
दोन्ही डिस्प्लेवर एकच आकडा आहे. धागा काढतो.