नवीन पीसी चालूच होत नाही, ४ हजारांत कुठला एसएमपीएस घेऊ?

कोथरूडकर_निखिल: रायझन ५ ५६००जी, बी५५० चा फुल एटीएक्स बोर्ड, सगळं नवीन. फक्त कॅबिनेट दादाचं जुनं, त्यात आधी मायक्रो-एटीएक्स होता. बटण दाबलं की फॅन पाव गिरकी घेतो आणि थांबतो. मागचं स्विच बंद करून थोडं थांबल्याशिवाय परत तेवढंही होत नाही. ४ हजारांत एसएमपीएस सुचवा.

गेमर_सातारा: ४ मध्ये काही येत नाही, ८५० वॉट गोल्ड घे. माझा तीन वर्षं मख्खन चालू आहे.

स्वप्ना_के: आधी रॅम काढून बसव. माझ्याकडे तेच निघालं होतं.

जुना_मेकॅनिक: रॅम सैल असती तर फॅन फिरत राहिले असते, फक्त डिस्प्ले नसता आला. इथे एसएमपीएसला शॉर्ट दिसतोय म्हणून तो स्वतःला बंद करतोय. बोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर धरणारे स्क्रूचे खुंट म्हणजे स्टँडऑफ, त्यातले मायक्रो-एटीएक्सच्या खालच्या ओळीतले एक-दोन असे असतात की त्या जागी एटीएक्स बोर्डाला भोकच नसतं. दादाचे ते तसेच राहिले असतील तर पितळेचं टोक बोर्डाच्या पाठीला टेकतं, तिकडे पीसीआयई स्लॉटचे सोल्डर असतात. त्यातल्या १२ व्होल्टच्या पिनला लागलं की करंट थेट कॅबिनेटमध्ये. बोर्ड बाहेर काढ, पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव, सीपीयू-कूलर, एक रॅम आणि २४ पिन व ८ पिनच्या केबल एवढंच लाव. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकव. बाहेर चालू झाला तर एसएमपीएस ठीक आहे.

राजू_हार्डवेअर: एवढं कशाला, प्रत्येक स्क्रूखाली कागदी वॉशर टाक, शॉर्टचा प्रश्नच मिटतो.

जुना_मेकॅनिक: भोकाभोवतीची चकती ग्राउंडचीच असते राजूभाऊ, तिथे धातू लागलेला चालतो. भोक नाही तिथे उभा असलेला स्टँडऑफ घातक, तुमचा वॉशर तिथे पोचणारच नाही.

राजू_हार्डवेअर: आमच्याकडे वर्षानुवर्षं वॉशर टाकतात, काही बिघडलं नाही.

गेमर_सातारा: अँटीस्टॅटिक पिशवीवर ठेवून टेस्ट कर रे, मी तसंच करतो.

जुना_मेकॅनिक: पिशवीवर नको! चंदेरी पिशवीतून करंट जाऊ शकतो. पुठ्ठाच.

कोथरूडकर_निखिल: खोक्यावर लगेच बायोस आला! कॅबिनेटमध्ये बघितलं तर एक स्टँडऑफ बोर्डाला भोक नाही तिथे उभा, टोकावर चकाकता ओरखडा, आणि बोर्डाच्या पाठीला त्याच जागी खालच्या लांब स्लॉटचं सोल्डर चेपलेलं. पक्कडीने काढला, बाकीचे एकेक भोकाशी जुळवले, आता चालू आहे. पण तो स्लॉट खराब झाला असेल का?

जुना_मेकॅनिक: ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय कळणार नाही. कुणाचं तरी मागून बघ. एसएमपीएसने वेळेत बंद केलं असेल तर बोर्ड बहुतेक वाचतो, पण खात्री देत नाही.

स्वप्ना_के: रॅम पण एकदा काढून बसवच.

कोथरूडकर_निखिल: कार्ड सध्या नाही, नंतर बघतो. एसएमपीएस मात्र ६५० चा ऑर्डर केला. इतक्या वेळा शॉर्ट झालेल्यावर माझा भरवसा नाही.

जुना_मेकॅनिक: अरे, त्यानेच तर बोर्ड वाचवला!