‘मी’चं ‘आम्ही’ होतं तेव्हा दावा नक्की कुणाचा?

परळकर: वाचनमंडळात ही कविता आली होती. पाचव्या ओळीत ‘मी’चं ‘आम्ही’ होतं आणि तिथेच ती ढिली पडते, असं माझं मत. पटतंय का?

> मी नळावर रांगेत उभी राहिले
> मी भोंग्याला दार उघडलं
> मी त्याचा डबा घासून ठेवला
> मग गिरणीच बंद झाली
> आम्ही गप्प बसलो
> आम्ही टॉवरच्या सावलीत मोठे झालो
> आम्ही काही विसरलो नाही

लालबागची: मुळीच नाही. चाळीत नळ सामायिक, गॅलरी सामायिक. १९८२चा संप सगळ्याच घरांनी सोसला. ती एकटी बोलली असती तर तक्रार वाटली असती, ‘आम्ही’मुळे ती साक्ष होते.

वृत्तप्रेमी: मात्रा भरायला कवी असं करतातच. ‘मी’च्या दोन, ‘आम्ही’च्या चार. इतका अर्थ काढू नये.

समासातली टीप: वृत्तप्रेमी, मात्रांचा हिशोब बरोबर, पण ही कविता मुक्तछंदात आहे, इथे भरायला मात्राच नाहीत. आणि चारच हव्या असत्या तर ‘आपण’ही बसलं असतं.

लालबागची, ‘उभी राहिले’मध्ये बोलणारी बाई आहे हे क्रियापद सांगतं. ‘आम्ही बसलो’ म्हटलं की ती खूण पुसली जाते, कारण तिथे बाईपुरुष दोघांनाही ‘बसलो’च. म्हणजे गर्दी वाढते तशी साक्ष देणारीच दिसेनाशी होते.

शिवाय पाचव्या आणि सहाव्या ओळीतले ‘आम्ही’ एक नाहीत. भोंग्याला दार उघडणारी प्रौढ बाई टॉवरच्या सावलीत ‘मोठी’ कशी होईल? सहावी ओळ तिच्या मुलांची आहे. तिथे ‘मी मोठी झाले’ घालून वाचा, लगेच खटकतं. पाचवीत ‘मी गप्प बसले’ घाला, ओळ टिकते; उलट ती कबुली होते. तीच कबुली ‘आम्ही’ने वाटून टाकली आहे. सातवीत तर इतरांना काय आठवतं याची हमी ती देते. ती तिने कशाच्या बळावर द्यावी?

परळकर: मग पाचवीत ‘आपण गप्प बसलो’ केलं तर?

समासातली टीप: तर वाचकही त्या गप्प बसण्यात ओढला जातो. ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवून ऐकवतं. पण तो आरोप पेलायला आधी वाचक कवितेत कुठेतरी हवा, आणि पहिल्या चार ओळींत तो नाही.

लालबागची: सहावीचं मान्य, तिथे पिढी बदलते. पण पाचवीतलं ‘आम्ही’ पहिल्या ओळीतल्या ‘रांगेत’नं कमावलंय. रांग एकटीची नसते.

समासातली टीप: रांग आहे, पण तिच्यात दुसरं कुणी दिसत नाही. मागच्या बाईची नुसती कळशी जरी आली असती, तरी मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो.

लालबागची: कळशी वाचकाने धरायची असते. चाळ माहीत असलेल्याला ती दिसते.