‘आय’ म्हणजे उत्पन्न की बाकी?

आसावरी: वास्तुकलेच्या सिद्धान्तांवरील परिसंवादासाठी मी पारंपरिक मापनियमांची चिकित्सा करणारा निबंध लिहीत आहे. मानसार या संस्कृत वास्तुग्रंथातील आयादि गणिताविषयी मी लिहिले, की ‘लांबीला ८ ने गुणून १२ ने भागल्यावर उरते ते आय, म्हणजे उत्पन्न, रुंदीला ९ ने गुणून १० ने भागल्यावर उरतो तो व्यय, आणि आय व्ययापेक्षा अधिक असावा’. मसुदा वाचणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘उत्पन्न’ खोडून समासात लिहिले, की ‘आय आठ असतात: ध्वज, धूम्र, सिंह, श्वान, वृष, खर, गज, ध्वांक्ष’. मग बरोबर काय, आणि मराठीत कोणता शब्द वापरावा?

गणेशपंत: आपल्या सहकाऱ्यांचेच बरोबर आहे. माझे आजोबा क्षेत्रफळाला ८ ने भागून ‘घराचा आय वृषभ आला’ असे म्हणत, त्यात पैशाचा संबंध नव्हता. ‘आयत’ आणि ‘आय’ एकाच धातूचे आहेत. आय म्हणजे जागेचा विस्तार.

वि. रा.: आजोबांचा प्रयोग खरा आहे, व्युत्पत्ती मात्र मान्य होण्यासारखी नाही. ‘आयत’ हे ‘आ + यम्’पासून, म्हणजे ताणलेले, लांबवलेले, ‘आय’ हे ‘आ + इ’पासून, म्हणजे येणे. खरी अडचण अशी, की एकच शब्द दोन परंपरांत दोन जागी बसला आहे. दक्षिणेकडील मानसारात ध्वजादी आठांना ‘योनी’ म्हणतात आणि ती रुंदीला ३ ने गुणून ८ ने भागून काढतात. आपल्याकडच्या मुहूर्तग्रंथांत त्याच आठांना ‘आय’ म्हणतात. तिथे जमाखर्चाच्या जोडीला ‘धन’ आणि ‘ऋण’ अशी वेगळी नावे आहेत. त्यामुळे आपला मूळ अर्थ मानसारापुरता बरोबर आहे आणि सहकाऱ्यांचा मुहूर्तग्रंथांपुरता.

२१ हात लांब आणि १५ हात रुंद घर घ्या. क्षेत्रफळ ३१५, त्याला ८ ने भागल्यावर ३ उरतात, म्हणून आपल्याकडे आय आठांतला तिसरा, सिंह. मानसाराप्रमाणे १५ × ३ = ४५, बाकी ५, म्हणून योनी वृष. केरळात परिघ धरतात: ७२ × ३ = २१६, बाकी शून्य, म्हणून शेवटची, ध्वांक्ष. विषम बाकी शुभ, सम अशुभ. म्हणजे तेच घर दोन ठिकाणी उत्तम आणि तिसऱ्या ठिकाणी वर्ज्य ठरते. केरळातला स्थपती मात्र चारही बाजू दोन-दोन अंगुळांनी वाढवील. परिघ आठ अंगुळांनी, म्हणजे एक तृतीयांश हाताने वाढला, की गुणाकार २१७ होतो, बाकी १ राहते आणि ध्वज मिळतो. लांबी-रुंदीचे नाते जवळजवळ होते तसेच राहते. म्हणून निबंधात याला ‘प्रमाणबद्धतेचा नियम’ म्हणू नये. ही ठरलेल्या मापांना लावायची चाळण आहे.

माधुरी: आमच्या सदनिकेचे क्षेत्रफळ ६३६ चौरस फूट आहे. एका सल्लागाराने बाकी ४ काढून श्वान आय सांगितला आणि स्वयंपाकघराची भिंत पाडायला लावली. त्या खर्चाचा सल आजही आहे. हा आय आता बदलला असेल का?

वि. रा.: आतली भिंत पाडल्याने बाहेरचे माप बदलत नाही, त्यामुळे त्याच्याच हिशेबाने काहीही बदललेले नाही. शिवाय बाकी एककावर अवलंबून असते. वरचे २१ × १५ हातांचे घर अंगुळांत मोजले, तर हाताला २४ अंगुळे असल्यामुळे क्षेत्रफळाला ८ ने निःशेष भाग जातो आणि सिंहाचा ध्वांक्ष होतो. हातासाठी बांधलेला नियम फुटाला लावण्याआधी त्या सल्लागाराने कारण द्यायला हवे होते.

प्राची: अर्थ ठरला तरी शब्दाचा प्रश्न राहतोच. ‘आयव्यय’ मराठीत रुळलेला असताना ‘उत्पन्न’ घालणे म्हणजे पारिभाषिक शब्दाला बाजारी कपडे चढवणे होय. ‘आय’च ठेवावा, आणि ‘बाकी’ऐवजी ‘शेष’ लिहावे.

गणेशपंत: ‘बाकी’ फारसी-अरबीतून आला म्हणून अस्पृश्य होत नाही. शाळेत आम्ही भागाकाराची बाकीच काढली, आणि आजोबाही बाकीच म्हणत. ‘आयत’विषयीचे माझे मत मी अजून मागे घेतलेले नाही.

आसावरी: मी ‘आय’ ठेवून पहिल्या उल्लेखापाशी परंपरा सांगेन. मात्र गणित तपासताना एक वेगळीच गोष्ट हाती लागली आहे. पूर्ण हातांत लांबी घेतली, तर ८ ने गुणून १२ ने भागल्यावर बाकी फक्त ४, ८ किंवा शून्यच येते. शून्याला पूर्ण १२ मानले, तर लांबी ३ च्या पटीत ठेवताच आय १२ होतो. व्यय मात्र शून्याला १० मानले तरी १० च्या वर जात नाही. मग रुंदी कितीही असो, घर लाभाचेच ठरते. ज्या नियमात एक तृतीयांश लांब्या आधीच उत्तीर्ण असतात, तिथे ‘उत्पन्न’ हा अर्थ नियमकर्त्यांना तरी अभिप्रेत होता का?

प्राची: ‘उत्तीर्ण’ कशाला? ‘ग्राह्य’ म्हणावे.