मदत हवी आहे: रोजच्या ऑफिससाठी हॅण्डबॅग, किती मोठी आणि कशा बांधणीची घ्यावी?

सायली_डों

डोंबिवली ते दादर लोकल, पुढे पंधरा मिनिटं चालत. सध्याची बॅग रेक्झिनची, कडक, आतून तीन कप्पे. पट्ट्याजवळचं रेक्झिन पापुद्र्यासारखं सुटतंय आणि उजवा खांदा संध्याकाळपर्यंत भरून येतो. वजन करून पाहिलं तर भरलेली बॅग ५.९५ किलो निघाली! फोड अशी:

रिकामी बॅग १.१ किलो, १४ इंची लॅपटॉप १.४, चार्जर ०.३, भरलेला डबा ०.८, पाऊण लिटरची स्टीलची बाटली भरून १.०५, छत्री ०.३, डायरी ०.३, पाकीट-किल्ल्या ०.२५, औषधं-कंगवा वगैरेचं पाऊच ०.२५, पॉवरबँक ०.२.

उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. पाठीवरची सॅक नको, ऑफिसात मीटिंगला तीच बॅग न्यावी लागते. माप काय बघू, कप्पे किती हवेत, पट्टा कसा असावा? कृपया कंपन्यांची नावं नकोत, काय तपासायचं ते सांगा.

अनघा७४

शाळेच्या दप्तराचा नियम लाव. २०२०च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्के म्हटलंय. तुझे ५२ म्हणजे ५.२ किलो चालेल. पाऊण किलो कमी केलं की झालं. आणि बॅग चामड्याचीच घे, आयुष्यभर टिकते.

टाकेदोरा

अनघाताई, धोरणात दहा टक्के आहे हे खरं, पण तो आकडा मुलांच्या दप्तराचा, आणि दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यायचं असतं. इथे सगळा भार एका खांद्यावर आहे. शिवाय पट्टा घसरू नये म्हणून तो खांदा नकळत वर उचलून धरला जातो. सायलीताईंचा खांदा भरून येतोय तो बराचसा त्यामुळेच. एका खांद्यावर रोज न्यायचं असेल तर मी साडेतीन-चार किलोच्या पुढे जाऊ देत नाही.

चामड्याबद्दल अर्धं बरोबर. टिकतं, पण लॅपटॉप बसेल एवढी चामड्याची बॅग अस्तर-कड्यांसकट सहज सव्वा-दीड किलो भरते. म्हणजे आत्ताच्यापेक्षा जड. आणि पावसाळ्यात ओली बॅग कपाटात बंद राहिली की बुरशी येते.

आता वजनाचं. बॅग बदलून फार तर अर्धा किलो सुटेल, बाकीचं आतून काढावं लागेल. एक जादा चार्जर ऑफिसच्या खणात राहिला तर ०.३ गेले. डायरी तिथेच राहिली तर आणखी ०.३. बाटलीत घरून पावभर पाणी घ्या आणि ऑफिसात भरा, अर्धा किलो वाचतो. बॅग ०.६ किलोची मिळाली की एकूण ४.३५. त्यातच ०.८चा डबा आहे, तो वेगळ्या छोट्या पिशवीत दुसऱ्या हातात घेतला की खांद्यावर साधारण साडेतीन किलो.

मनीमाऊ

डबा वेगळा नको गं! संध्याकाळी दादरला चढताना एक हात दांड्याला, एक हात बॅगेला. डब्याची पिशवी कुठे धरणार? आणि तीच रॅकवर विसरते. डबा बॅगेतच हवा, मग खाली जरा रुंद बॅग घे.

टाकेदोरा

गर्दीचा मुद्दा मान्य आहे. पण डबा आत घ्यायचा तर बॅगेची खोली वाढते, खोली वाढली की वजन अंगापासून लांब जातं आणि पट्टा जास्त ओढतो. दोन्हीकडून काहीतरी सोडावं लागतंय. गोल उभ्या डब्याऐवजी चपटा, साडेपाच-सहा सेंटिमीटर उंचीचा डबा घेतला तर तो लॅपटॉपला समांतर उभा राहतो आणि १२-१३ सेंटिमीटर खोलीत भागतं. फक्त आमटी-वरणाच्या दिवशी झाकणाचं रबर बघा. उभा डबा रबर सैल झाल्याबरोबर गळतो, आणि तेल अस्तरातून थेट तळाच्या पुठ्ठ्यात जातं. पुठ्ठा एकदा भिजला की तळ कायमचा पोक काढतो. म्हणून तळाला पुठ्ठा नको, प्लास्टिकची पातळ पाटी हवी. दुकानात बॅगेत हात घालून तळ मधोमध दाबा. पुठ्ठा वाकल्यावर घडी राहते, पाटी उसळून परत सरळ होते.

पप्पू_पुणेकर

राजगडला जायला साधारण ३० लिटरची सॅक बघतोय, कमरेचा पट्टा असलेली. इथे कोणी सुचवेल का?

मनीमाऊ

पप्पूशेठ, धागा चुकला तुमचा. भटकंतीत विचारा.

सायली_डों

@टाकेदोरा, चपटा डबा घरात आहे. मग मापं नक्की काय सांगू दुकानात? ‘१४ इंची लॅपटॉप बसतो’ असं सगळेच म्हणतात.

टाकेदोरा

ते १४ इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, बॅगेचं माप नव्हे. तुमचा लॅपटॉप साधारण ३२ सेंटिमीटर लांब आणि २२ रुंद असेल, पण टेपने मोजून घ्या. लॅपटॉपच्या मापाचा पुठ्ठा कापून दुकानात न्यायचा आणि बॅगेत घालून बघायचा, विक्रेत्याच्या शब्दावर जायचं नाही. आतली लांबी ३५, उंची २७-२८, खोली १२-१३ पुरते. याहून मोठी नको. जागा दिसली की ती भरतेच, आणि तुमच्या उंचीला मोठी बॅग चालताना मांडीवर आपटत राहते.

पुठ्ठा आत बसला तरी चेनमधून जातो का ते वेगळं बघा. बऱ्याच बॅगा वरच्या बाजूला निमुळत्या असतात. आत ३५ सेंटिमीटर आणि तोंडाशी २९, मग लॅपटॉप रोज तिरका करून कोंबावा लागतो. चेन पहिल्यांदा कोपऱ्यावरच बिघडते ती यामुळेच. चेनचं तोंड लॅपटॉपच्या लांबीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवं. रनर कोपऱ्यावरून एका हाताने फिरवून पाहा, तिथे अडखळला तर बॅग ठेवून द्या.

बांधणीबद्दल: पूर्ण कडक बॅग दिसते छान, पण तिचं वजन बाजूंच्या पुठ्ठ्यात आणि फोममध्ये असतं. पूर्ण मऊ पिशवी हलकी, पण खाली ठेवली की बसते, बाटली आडवी होते आणि सगळं मधल्या खळग्यात जमा होतं. तुम्हाला मधली हवी: तळ कडक, पाठ थोडी ताठ, बाकी बाजू मऊ. जाड नायलॉनची अशी बॅग ५५०-७०० ग्रॅमला मिळते. दुकानात ती रिकामी जमिनीवर ठेवा. पाच सेकंद स्वतःहून उभी राहिली तर तळ ठीक.

अनघा७४

मऊ पिशवीत फेल्टचा ऑर्गनायझर घालायचा, दहा कप्पे मिळतात. बॅग बदलली तरी तोच उचलून दुसरीत ठेवता येतो. मला तरी कप्पे जेवढे जास्त तेवढे बरे वाटतात.

टाकेदोरा

फेल्टचा उपयोग आहे, विशेषतः तळ मऊ असेल तर. पण तो स्वतः दोन-अडीचशे ग्रॅमचा, आणि दोन्ही बाजूंनी मिळून एखादा सेंटिमीटर खोली खातो. १२ सेंटिमीटरच्या बॅगेत चपटा डबा आणि लॅपटॉप असताना तो अंगावर येईल.

कप्प्यांचं गणित संख्येवर नाही, कुठे आहेत त्यावर आहे. लॅपटॉपचा कप्पा पाठीकडे, म्हणजे अंगाला लागून, आणि त्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन सेंटिमीटर वर उचललेला असावा. कप्पा तळापर्यंत गेला तर बॅग फरशीवर ठेवताना दणका थेट लॅपटॉपला बसतो. हात आत घालून बोटांनी तपासता येतं. बाटलीसाठी एका कोपऱ्यात लवचीक पट्टी, पास आणि किल्ल्यांसाठी पाठीला बाहेरून चेनचा कप्पा. हा कप्पा अंगाला चिकटून राहतो, त्यामुळे गर्दीत सुरक्षितही. ओल्या छत्रीला बाहेरचा जाळीचा खिसा. मधोमध चेनचा मोठा कप्पा असतो ना, तुमच्या सध्याच्या बॅगेतही असेल, तो मात्र टाळा. तो बॅग दोन अरुंद भागांत तोडतो आणि डबा कुठेच नीट बसत नाही.

सायली_डों

अगदी! तसाच आहे, डबा नेहमी तिरका. आता पट्टा.

टाकेदोरा

साडेतीन-चार सेंटिमीटर रुंद आणि सपाट हवा. गोल वळलेले दोन बंद खांद्यावर घेऊ नका. दोन्ही मिळून रुंदी तीन सेंटिमीटरही भरत नाही आणि त्यातला एक घसरतोच. साखळीचा पट्टा तर नकोच. रेक्झिनच्या पट्ट्याची कड अंगठ्याने चोळा, टोचली तर तीच कड तासाभराने खांद्यात रुतणार. सुती किंवा जाड विणीचा निवारीसारखा पट्टा घसरत नाही.

खांद्यावर घ्यायच्या पट्ट्याची उंची, म्हणजे पट्ट्याच्या माथ्यापासून बॅगेच्या तोंडापर्यंत, तुम्हाला २४-२६ सेंटिमीटर. त्याहून कमी असेल तर भरलेली बॅग काखेत अडकते. जोडीला काढता येणारा लांब पट्टा हवाच. गर्दीत तो आडवा घालून बॅग पोटावर घेता येते आणि हात मोकळे राहतात. लांब पट्ट्याची एक खोड: पट्टा गुळगुळीत असेल तर बक्कल हळूहळू सरकतं आणि बॅग खाली खाली येते. दुकानात बॅगेत तीन-साडेतीन किलो भरून दहा मिनिटं घालून फिरा, सुरुवातीला बक्कलपाशी पेनाने खूण करा. खूण सरकली तर पट्टा बदलून मागा.

सगळ्यात आधी तुटते ती कडी जिथे शिवलेली असते ती जागा. अस्तर थोडं ओढून आतून बघा. कापडाच्या मागे जाड तुकडा लावून त्यावर चौकोनात फुलीची शिलाई असेल तर चांगलं. एका ओळीची शिलाई आणि वर चकचकीत रिव्हेट असेल तर ते रिव्हेट शोभेचं आहे.

मनीमाऊ

आणि रेक्झिन सुटायचं काय? मी तर वापरते कमी, तरी सुटलं.

टाकेदोरा

कपाटात ठेवूनही सुटतं. वरचा थर पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या दमटपणाने आतून कमकुवत होतो, वापरा किंवा नका वापरू. मुंबईच्या हवेत हे लवकर होतं. पट्ट्यावर आणि कोपऱ्यावर आधी दिसतं, कारण तिथे घडी पडते आणि घाम लागतो. एकदा पापुद्रा निघाला की पॉलिशने, फेव्हिकॉलने काही होत नाही.

सायली_डों

काल दोन बॅगा बघितल्या, पुठ्ठा आणि टेप घेऊन. विक्रेता हसत होता.

अ: नायलॉन, ६२० ग्रॅम, आत ३५×२८×१२, लॅपटॉपचा कप्पा उचललेला. पण खांद्याचा पट्टा अडीच सेंटिमीटरचा आणि गुळगुळीत.
ब: कॅनव्हास, ८५० ग्रॅम, पट्टा चार सेंटिमीटरचा मस्त, पण वरून चेन नाही, नुसतं चुंबकाचं बटण.

अनघा७४

ब घे, पट्टा महत्त्वाचा.

टाकेदोरा

अ घ्या. पट्टा बदलता येतो, चेन नंतर लावणं किचकट आणि कॅनव्हास पावसात पाणी पिऊन आणखी जड होतो. फक्त आधी बघा: अ-चा पट्टा कडीत हुकने अडकवलेला आहे की थेट शिवणीत गेलाय? कडीत असेल तर चार सेंटिमीटरचा विणीचा पट्टा बॅग दुरुस्त करणारा कोणीही बसवून देईल. कडीची आतली रुंदी मात्र मोजून न्या. अडीच सेंटिमीटरच्या कडीत चारचा पट्टा कोंबला तर तो दुमडून दोरीसारखा होतो. अशा वेळी टोकं निमुळती शिवून घ्यायची, रुंदी फक्त खांद्यावरच्या भागात.

सायली_डों

कडीत आहे, फोटोत दिसतंय. आतली रुंदी शनिवारी मोजून सांगते. डबा वेगळा न्यायचा की आत, हे अजून ठरत नाहीये.

मनीमाऊ

आत!