मदत हवी आहे: पीआयडी ९६ वर आणला तरी लाइट रोस्ट आंबटच, अजून किती वाढवू?

निनाद_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सेकंडहँड सिंगल बॉयलर एस्प्रेसो मशीन आहे. बॉयलर छोटा, शंभरेक मिलीचा. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला स्वतः पीआयडी, म्हणजे तापमान धरून ठेवणारा कंट्रोलर, बसवला. बॉयलरच्या डोक्यावर बाहेरून जो जुना थर्मोस्टॅट होता, तो काढून त्याच जागी सेन्सर आवळला. वर `PV` म्हणजे सेन्सरने मोजलेलं तापमान, खाली `SV` म्हणजे मी लावलेलं, एकदम स्थिर. अर्धा अंशसुद्धा हलत नाही, त्यामुळे मी खुशीत होतो.

घरात दोन पिशव्या आहेत. एक चिकमंगळूरची डार्क, बाबांसाठी. दुसरी लाइट रोस्ट, माझ्यासाठी, रोस्ट करून बारा दिवस झालेत. सगळीकडे वाचलं की डार्कला ८८ ते ९०, मीडियमला ९२-९३ आणि लाइटला ९४ ते ९६. त्याप्रमाणे डार्क ९० वर काढतो. ती चालते, थोडी सपक लागते, पण बाबा तक्रार करत नाहीत. लाइट मात्र ९४ ला आंबट, ९५ ला आंबट आणि ९६ लाही आंबट. फळांचा आंबटपणा म्हणतात तसा नाही, कच्च्या कैरीसारखा. दात आंबतात. १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २७ सेकंद. ग्राइंड अजून बारीक केला की मशीन गुदमरतं.

९६ च्या वर जायला हरकत आहे का? आणि रोस्ट बदलला की दर वेळी सेटिंग बदलायचं, की मधला एखादा आकडा धरून बसायचं?

सदाशिवपेठी

एका घरात दोन पिशव्या आणि दोन तापमानं! आमच्याकडे एकच पितळी फिल्टर आहे. चिकोरी घातलेली पावडर, वरून उकळतं पाणी, झाकण लावून विसरून जा. चाळीस वर्षांत एकदाही आंबट झाली नाही. चिकोरी किती टक्के घालता ते आधी सांगा, तिथेच घोळ असेल.

निनाद_कर्वेनगर

काका, यात चिकोरी नाही. आणि फिल्टर आमच्याकडेही आहे, रविवारी इडलीबरोबर.

अद्वैत_एस्प्रेसो

सोपं आहे रे. लाइट रोस्टचे दाणे घट्ट असतात, त्यातून अर्क सहज सुटत नाही, म्हणून जास्त उष्णता लागते. डार्कचे दाणे भाजून भाजून ठिसूळ झालेले असतात, त्यातून सगळं पटकन येतं, कडूसकट. म्हणून तिथे कमी. ९६ ला आंबट असेल तर ९७-९८ कर. पण १०० ओलांडू नकोस. बॉयलरमध्ये वाफ होईल आणि कॉफी जळेल.

मृण्मयी_औंध

अद्वैत, रोस्टबद्दल तुझं बरोबर आहे. १०० च्या वर जायचं नाही, हे मात्र या मशीनला लागू नाही.

निनाद, `PV` मध्ये दिसतंय ते कॉफीवर पडणाऱ्या पाण्याचं तापमान नाही. तो सेन्सर बॉयलरच्या धातूचं, तेही सगळ्यात वरच्या टोकाचं तापमान सांगतोय. तिथून पाणी ग्रुपमधून, म्हणजे पोर्टाफिल्टर अडकतो त्या तोंडातून, खाली येतं, ग्रुपचा जाड धातू आणि पोर्टाफिल्टर उष्णता पितात, मग ते पकवर, म्हणजे टँप केलेल्या कॉफीच्या चकतीवर पडतं. अशा छोट्या बॉयलरच्या मशीनला हा फरक आठ-दहा अंशांचा असू शकतो. तू वाचलेले ८८ ते ९६ हे आकडे पकवरच्या पाण्याचे आहेत. म्हणजे तुझं ९६ प्रत्यक्षात ८७-८८ असेल. लाइट रोस्ट त्यात आंबट लागणारच. आणि बाबांची सपक डार्क बहुतेक ८२ च्या आसपास निघतेय!

अंदाज लावण्यापेक्षा एकदा मोज. तपकीर गल्लीतून बारीक तारेचा के टाइप थर्मोकपल आणि साधं मीटर आण. टँप केल्यावर तारेचं टोक पकच्या मधोमध टेकव, तार बास्केटच्या काठावरून बाहेर काढ आणि पोर्टाफिल्टर लाव. तारेपाशी दोन-चार थेंब गळतील, गळू देत. मग नेहमीसारखा शॉट काढ आणि दर पाच सेकंदांनी आकडा लिही. पोर्टाफिल्टर न लावता कपात पाणी सोडून मोजू नकोस. तसं पाणी फार वेगाने येतं आणि एवढा छोटा बॉयलर तेवढ्यातच गार पडतो.

निनाद_कर्वेनगर

बापरे. मी गेले दोन महिने ८२ ला कॉफी पाजतोय?

हर्षल_बाणेर

माझं पण असंच होतं, पण उलट. ऑफिसमध्ये मोठं हीट एक्स्चेंजर मशीन आहे, पीआयडीवर १२० दिसतं आणि पहिली कॉफी जळकी, कडू. मीपण असा फरक धरून ऑफसेट लावू का?

मृण्मयी_औंध

हर्षल, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे पीआयडी वाफेचा बॉयलर सांभाळतो. कॉफीचं पाणी त्या बॉयलरमधल्या नळीतून जाताना तापतं. मशीन बराच वेळ नुसतं उभं राहिलं की नळीतलं पाणी जास्त तापून बसतं. शॉटच्या आधी ग्रुपमधून पाणी सोडा. आधी फुसफुसत येईल, मग धार शांत होईल. फुसफुस थांबल्यावर आणखी किती सोडायचं, यावर तुमचं तापमान ठरतं. आकड्याला हात लावू नका. पुढे विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, नाहीतर निनादचा प्रश्न बुडेल.

निनाद_कर्वेनगर

मोजलं. आधी एक फजिती. थर्मोकपल तपासायला उकळत्या पाण्यात घातला तर मीटर ९८ दाखवतंय. मी मीटर परत करायला निघालो होतो. मग बायको म्हणाली, अहो, पुणे समुद्रसपाटीवर आहे का? साडेपाचशे मीटरवर पाणी ९८ ला उकळतं. मीटर बिचारं बरोबरच होतं.

आता आकडे. `SV` ९६ ठेवून, मशीन अर्धा तास तापवून: पकवर पाचव्या सेकंदाला ८८, शेवटी ८५. मग सकाळी घाईत करतो तसं दहा मिनिटांत काढून पाहिलं. `PV` तर पाचव्या मिनिटालाच ९६ दाखवत होतं. पकवर ८३!

म्हणजे मृण्मयीताईंचं खरं निघालं, पण फरक एकच एक नाही. अर्ध्या तासाने आठ, दहा मिनिटांनी तेरा. मग ऑफसेट कुठला धरायचा?

मृण्मयी_औंध

अर्ध्या तासाचा धर. बॉयलर पाच मिनिटांत तापतो, पण ग्रुप आणि पोर्टाफिल्टर तेवढ्यात तापत नाहीत, आणि पीआयडीला त्यांचा पत्ताच नसतो. पोर्टाफिल्टर ग्रुपला लावूनच तापव. घाई असेल तर रिकाम्या पोर्टाफिल्टरमधून दोनदा कपभर गरम पाणी सोडून परत `PV` स्थिर होऊ दे, तो तेरा बराच खाली येईल.

शॉटच्या शेवटी तीन अंश पडतात, कारण शंभर मिलीच्या बॉयलरमधून साठेक मिली पाणी जातं आणि त्या जागी टाकीतलं गार पाणी येतं. ते पूर्ण टाळता येणार नाही. म्हणून सुरुवातीचा आकडा धर.

लाइटसाठी `SV` १०३ कर, पकवर ९५ मिळेल. डार्कला ९७, म्हणजे ८९. ग्राइंड आणि वजन तेच ठेव, आज फक्त तापमान हलव.

अद्वैत_एस्प्रेसो

१०३ ला बॉयलरमध्ये पाणी उकळणार नाही?

मृण्मयी_औंध

बॉयलर बंद आहे, त्यात दाब आहे, म्हणून उकळत नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिली एक-दोन सेकंद फुसफुस ऐकू येईल, तेवढंच. ती फुसफुस म्हणजे आपल्या पुण्यात पाणी ९८ च्या वर असल्याची खूण. ग्रुपमधून खाली येईपर्यंत ते थंडावतं.

निनाद_कर्वेनगर

चार दिवसांनी परत आलो. डार्क ९७ वर: बाबांनी पहिला घोट घेतला आणि विचारलं, "पावडर बदललीस का?" सपकपणा गेला, गूळ-कोकोसारखं काहीतरी आलं. उत्साहात १०१ करून पाहिलं, तर घशात कडू रेंगाळली. परत ९७.

लाइट १०३ वर: दात आंबणं थांबलं, पण कॉफी अजून तिखट आंबट, लिंबाच्या बाजूची. मग १०५ केलं. आंबटपणा तसाच राहिला, वर तोंड कोरडं पडायला लागलं, जांभूळ खाल्ल्यासारखं तुरट. आता काय, १०७?

मृण्मयी_औंध

नाही, परत १०३ वर ये. आंबट आणि तुरट एकत्र आले की तापमानाचा नाद सोडायचा. याचा अर्थ पाणी पकमधून सगळीकडून सारखं जात नाहीये. एका वाटेने जास्त जातंय, तिथे तुरट होतं, बाकीचा पक कच्चा राहतो आणि तिथून आंबट येतं. उष्णता वाढवली तर तुरट आणखी वाढेल. शॉटनंतर पक काढून बघ, एका बाजूला भोक किंवा ओला खड्डा दिसतो का. बारीक सुईने ग्राउंड्स मोकळे कर, मग टँप कर. आणि लाइटला ३६ वर थांबू नकोस, ग्राइंड तोच ठेवून ४५ ग्रॅमपर्यंत जाऊ दे.

अद्वैत_एस्प्रेसो

४५ म्हणजे एस्प्रेसो नाही, पाणचट अमेरिकानो. मी लाइटलाही ३६ च काढतो, ९३ वर. माझी छान येते.

मृण्मयी_औंध

तुझा ग्राइंडर निनादच्यापेक्षा बराच भारी आहे, अद्वैत, तो खूप बारीक दळूनही गुदमरत नाही. शिवाय तुझं ९३ कुठे मोजलंय, ते तू अजून सांगितलं नाहीस.

अद्वैत_एस्प्रेसो

स्क्रीनवर. आमच्या मशीनला ऑफसेट कंपनीनेच घातलाय म्हणतात. मोजलं नाहीये, खरं आहे. पण ४५ ग्रॅम मला पटत नाही, ते नाहीच.

निनाद_कर्वेनगर

सुई फिरवली. पकमध्ये खरंच डावीकडे करंगळीएवढं भोक पडत होतं, आता नाही. १०३, १८ ग्रॅम आत, ४४ बाहेर, ३१ सेकंद. आंबट आहे, पण संत्र्यासारखी, आणि मागे मध. बायकोने कप संपवला, हे आमच्या घरात मोठं प्रमाणपत्र आहे. ३६ वर पुन्हा काढून पाहिली, अद्वैत, ती मला अजून टोचते.

एक अडचण राहिली. बायकोला कपुचिनो लागते, ती आधी दूध फेसवते. स्टीमसाठी `SV` १४० करतो. मग १०३ वर परत आणलं तरी पहिला शॉट जळका येतो, `PV` १०३ दाखवत असूनही.

मृण्मयी_औंध

शॉट आधी, दूध नंतर. तेच जमत नसेल तर स्टीम झाल्यावर पंप चालू करून ग्रुपमधून पाणी सोड, `PV` १०० च्या खाली जाईपर्यंत, आणि मग ते स्वतःहून १०३ वर चढू दे. बॉयलरही त्याने परत पाण्याने भरतो. वरून खाली नुसतं उतरू दिलंस तर सेन्सर आधी थंडावतो आणि ग्रुप तापलेलाच राहतो, आता फरक आठ नसून तीन-चारच असेल. तसा एक शॉट थर्मोकपल लावून मोज आणि इथे आकडे टाक, मलाही बघायचंय.

सदाशिवपेठी

एका कपासाठी सुई, थर्मोकपल आणि बायकोची साक्ष. बरं, ती चिकमंगळूरची डार्क फिल्टरला चालेल का, ते सांगा.

निनाद_कर्वेनगर

चालेल काका. ग्राइंड जाडसर सांगा दुकानात. मी रविवारी स्टीमनंतरचे आकडे टाकतो.